ग्रुप सोडला म्हणजे नाते तोडले?

समजा, रोहण्यातील कापूस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून एक नंबर गायब झाला. लगेच कुजबुज, 'राग आला वाटतं!' ग्रुप सोडल्याची सूचना २०२२ पासून फक्त ॲडमिनला जाते. गेलेल्यांची यादी मात्र ६० दिवस सदस्यांना दिसते. कारण दिसत नाही. खाते डिलीट केले, तरी माणूस सर्वच ग्रुपमधून बाहेर पडतो.

ॲडमिनने काढले, म्हणजे ब्लॉक केले असे नाही. वैयक्तिक मेसेज जातातच. बंद नंबर म्हणूनही काढलेले असू शकते. आणि न काढणे म्हणजे पाठिंबा नव्हे: सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू नसेल तर ॲडमिन दोषी नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. खरे कारण एका फोनवर कळते.