मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन कोणाची?

पेन्शनर माणूस हयात आहे की नाही, हे बँक वर्षातून एकदाच विचारते, ते नोव्हेंबरात. हयातीचा दाखला दिला, मग तो शाखेत जाऊन सही करून असो वा मोबाइलवरच्या ‘जीवन प्रमाण’मधून, की पुढच्या नोव्हेंबरपर्यंत कोणी काही विचारत नाही. आता समजा, नोव्हेंबरात दाखला दिलेले आजोबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले आणि घरच्यांनी बँकेला काहीच कळवलं नाही. पेन्शन जवळजवळ वर्षभर बिनबोभाट जमा होत राहील. संगणकाच्या लेखी ते हयातच असतात, कारण मृत्यूची बातमी तिथे आपोआप पोहोचेल असं धरून चालता येत नाही. ती पोहोचवायची जबाबदारी घरच्यांची.

ती पोहोचवायला उशीर का होतो, याची कारणं बहुतेक घरांत सारखीच असतात. दिवसकार्य, पाहुणे, दवाखान्याची बिलं, आणि त्या सगळ्याच्या मागे एक भीती: बँकेला सांगितलं तर खातं गोठवतील, मग आईने घर कसं चालवायचं? ही भीती अर्धीच खरी आहे. खातं एकट्या पेन्शनरच्या नावावर असेल, तर मृत्यू कळल्यावर बँक त्यातून पैसे काढू देत नाही, आणि शिल्लक रक्कम नॉमिनीला किंवा वारसांना रीतसर दावा केल्यावर मिळते. पण नवरा-बायकोचं संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो’ या प्रकारचं असेल, तर ते चालूच राहतं. इतकंच नव्हे, कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच खात्यात जमा होऊ शकतं, नवं खातं उघडावं लागत नाही. म्हणजे पेन्शनर हयात असतानाच खातं संयुक्त करून घेतलेलं असेल, तर पुढची निम्मी धावपळ वाचते.

राज्य सरकारी पेन्शनरच्या बाबतीत बँकेबरोबर कोषागारालाही कळवावं लागतं. मुंबईत हे काम वांद्र्याचं अधिदान व लेखा कार्यालय पाहतं. आपण मात्र इथे केंद्र सरकारच्या एखाद्या नागरी खात्यातून निवृत्त झालेल्या, बँकेतून पेन्शन घेणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. त्यांची पेन्शन ज्या शाखेत जमा होते, ती शाखा हिशेब करत नाही. हिशेब बँकेच्या केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला सीपीपीसी म्हणतात तिथे होतो. शाखेतल्या बाईंनी ‘हो, नोंद करते’ म्हटलं, म्हणजे पेन्शन थांबली असं नाही. शाखेकडून कागद सीपीपीसीकडे जायला हवा, म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेणं सोडू नये. पुढे वाद झालाच, तर आपण कधी कळवलं याचा तोच पुरावा.

मृत्यूच्या दाखल्यासाठी थांबून राहायचंही कारण नाही. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, गावात ग्रामपंचायतीत आणि शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. उशीर झाला तर शुल्क आणि परवानग्या वाढत जातात. पण बँकेला साधं पत्र त्याआधीच देता येतं: पेन्शनरचं नाव, पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, मृत्यूची तारीख, ‘पेन्शन थांबवावी, दाखला मिळताच जोडते’ एवढा मजकूर पुरतो. दाखला घेताना मात्र त्यावरचं नाव पीपीओवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. पीपीओवर एक नाव, आधारवर दुसरं आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच, असा प्रकार आपल्याकडे नवा नाही, आणि अर्ज अडकतो तो बहुधा इथेच.

पीपीओमध्ये पत्नीचं नाव असेल आणि खातं संयुक्त असेल, तर तिला जुन्या खात्याच्या कार्यालयात खेटे घालायची गरज नसते. बँकेत द्यायचे कागद थोडके: अर्ज, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, पेन्शनरकडची पीपीओची प्रत, स्वतःची ओळख आणि जन्मतारखेचा पुरावा, आणि जादा रक्कम जमा झाल्यास परत करण्याचं हमीपत्र. (पत्नी हयात नसेल आणि अविवाहित किंवा विधवा मुलगी अथवा अपंग मुलगा हक्क सांगत असेल, तर प्रकरण कार्यालयामार्फत जातं. तो रस्ता लांबचा आहे.) जन्मतारखेच्या पुराव्याकडे दुर्लक्ष करू नये. कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी बाई ऐंशीची झाली की तिला मूळ रकमेवर 20 टक्के वाढ मिळते, आणि तारीखच नोंदलेली नसेल तर ती वाढ द्यायची कधीपासून हे बँकेला कळणार नाही.

आता पैशांकडे येऊ. नियम असा की मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन पेन्शनरची. तो दिवसही धरून, मग मृत्यू पहाटे झालेला असो वा रात्री. दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू. आपल्या उदाहरणातले गृहस्थ 77 वर्षांचे, मूळ पेन्शन 36,000 रुपये, कम्युटेशनची कपात केव्हाच संपलेली. मृत्यू 12 जून 2024 रोजी. तेव्हा महागाई भत्ता 50 टक्के होता, म्हणून दरमहा जमा होत होते 54,000. पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन पीपीओत लिहिलेलं 21,600, भत्त्यासह 32,400. (शेवटच्या पगाराच्या 50 टक्क्यांचं वाढीव कुटुंब निवृत्तिवेतन इथे लागू नाही, कारण गृहस्थांनी वयाची 67 वर्षं ओलांडलेली होती. त्यामुळे नेहमीचा 30 टक्क्यांचा दर.)

जूनमध्ये देय काय? बारा दिवसांची पेन्शन 21,600 आणि अठरा दिवसांचं कुटुंब निवृत्तिवेतन 19,440, मिळून 41,040. खात्यात आले 54,000. म्हणजे जूनचे 12,960 जादा. त्यानंतर घरच्यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत काहीच कळवलं नाही, तर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर या प्रत्येक महिन्यात 54,000 आणि 32,400 यांतला 21,600 चा फरक साचतो. एकूण 77,760. हे पत्नीला परत करावे लागतील.

पण हाच आकडा पत्नी हयात नसेल तर किती होईल? कुटुंब निवृत्तिवेतनाचा कोणी हक्कदारच नाही, त्यामुळे वजावट काहीच नाही. जूनचे अठरा दिवस म्हणजे 32,400 आणि पुढचे तीन महिने 1,62,000, एकूण 1,94,400 रुपये. ही सगळी रक्कम सरकारची. मुलांना ती वडिलांच्या खात्यात दिसते, म्हणून वडिलांची वाटते आणि वारसाहक्काच्या हिशेबात धरली जाते. गोंधळ इथेच होतो. मृत्यूच्या तारखेपर्यंतची देय पण न मिळालेली रक्कम, उदाहरणार्थ भत्त्याचा एखादा जुना फरक, ही खरोखर पेन्शनरची असते आणि ती नॉमिनीला किंवा वारसांना मिळते. त्या तारखेनंतरची पेन्शन वाटणीत येत नाही.

वडिलांचं एटीएम कार्ड आणि त्याचा पिन घरात कोणाला तरी माहीत असतोच. अंत्यविधीच्या खर्चासाठी पहिल्या आठवड्यात दहा-वीस हजार काढले, एवढ्यावर कोणी गुन्हेगार ठरवायला धावत नाही. पण मृत्यू लपवून महिनोन्‌महिने काढत राहणं, किंवा दुसऱ्याला पुढे करून हयातीचा दाखला देणं, ही जादा अदायगी उरत नाही, ती फसवणूक होते आणि पोलिसांत जाते. दोन्हींत फरक ओळखायला कठीण नाही: पहिल्या प्रकारात घरचे स्वतःहून सांगतात, दुसऱ्यात बँकेला शोधून काढावं लागतं.

वसुली कशी होते? खात्यात शिल्लक असेल तर बँक तीच वळती करते. संयुक्त खात्यातून असे पैसे कापले गेले की पत्नी चकित होते. पण पेन्शन सुरू होताना नवऱ्याने एक हमीपत्र लिहून दिलेलं असतं, की जादा जमा झालेली रक्कम बँकेला परत घेता येईल, आणि ते त्याच्या वारसांनाही बांधील असतं. शिल्लक पुरेशी नसेल, तर उरलेली रक्कम कुटुंब निवृत्तिवेतनातून हप्त्यांत कापली जाते. हप्ता किती असावा यावर बोलता येतं आणि बोलावं. तोंडी नव्हे, अर्जाने.

पैसे भरण्याआधी किंवा हप्ते मान्य करण्याआधी बँकेकडून देय-अदा तक्ता मागावा. महिन्यागणिक किती देय होतं, किती जमा झालं आणि फरक किती, हे त्यात लिहिलेलं असतं. त्यात तीन गोष्टी आधी पाहाव्यात. मृत्यूचा दिवस पेन्शनच्या बाजूला धरला आहे का, त्या त्या महिन्याचा महागाई भत्ता बरोबर लावला आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचं, पत्नीचं थकलेलं कुटुंब निवृत्तिवेतन वजा केलं आहे का. आपल्या उदाहरणात हे तिसरं राहून गेलं, तर 77,760 ऐवजी 1,94,400 ची मागणी हातात पडेल आणि थकबाकी कधीतरी नंतर येईल. बँकेच्या दृष्टीने हिशेब शेवटी जुळतो, पण मधले महिने त्या बाईचे जातात.

पेन्शनरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाचा 2014 मधला रफिक मसीह प्रकरणाचा निकाल हमखास फिरतो: निवृत्तांकडून वसुली करता येत नाही. तो निकाल आहे खरा, पण तो मालकाच्या चुकीने कर्मचाऱ्यांना काही काळ जादा वेतन दिलं गेलं त्याबद्दलचा आहे, आणि त्यातही तो ठरावीक परिस्थितींपुरता. मेलेल्या माणसाच्या नावाने जमा झालेल्या पेन्शनचं संरक्षण त्यातून मिळेल, या आशेवर बसू नये. नवऱ्याची पेन्शनच पूर्वी कधीतरी चुकून जास्त ठरवली गेली होती आणि ते त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं, तर गोष्ट वेगळी. तिथे हरकत घ्यायला जागा असते. म्हणून वसुलीच्या पत्रात कारण काय लिहिलं आहे ते आधी वाचावं: मृत्यूनंतरची जमा, की पेन्शन ठरवण्यातली जुनी चूक.

जाता जाता आयकराचं. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन बँकेच्या नोंदीत नवऱ्याच्या पॅनवर दिसते, आणि कर कापला असेल तर तोही त्याच पॅनवर. वारसाने भरायच्या त्याच्या शेवटच्या विवरणपत्रात मृत्यूच्या तारखेपर्यंतचंच उत्पन्न यायला हवं. पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या स्वतःच्या विवरणपत्रात ‘इतर स्रोतांतून उत्पन्न’ या सदरात जातं, पगाराच्या सदरात नाही. जादा रक्कम परत केल्याचं बँकेचं पत्र या दोन्ही विवरणपत्रांच्या फाइलीत ठेवावं, कारण आयकर खात्याची विचारणा आली तर ती रक्कम उत्पन्न नव्हती हे त्या पत्रावरूनच दाखवता येतं.