आढावा घ्या, पण कशाचा?

ग्रामीण मजुरांमध्ये काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत नवी संशोधक रुजू होते. संचालक तिला पहिलंच काम सांगतात, "रोजगार हमीवर आजवर जे काही संशोधन झालंय, त्याचा लिटरेचर रिव्ह्यू करून दे. महिनाभरात जमेल ना?" ती "हो सर" म्हणते, संगणकावर शोध सुरू करते आणि दोन-तीन दिवसांत शेकडो निबंधांच्या ढिगाखाली अडकते. अर्थशास्त्रज्ञांनी लिहिलेलं त्यात आहे, तसंच स्त्री-अभ्यासकांनी, राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि पाझर तलावांची पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी लिहिलेलंही. सगळं 'रोजगार हमीवर'च आहे, त्यामुळे वगळायचं काय हे तिला कळत नाही.

संचालकांनी काही दडवलेलं नसतं. विषय त्यांच्या डोक्यात इतका स्पष्ट असतो की त्याच्या सीमा सांगायला हव्यात, हे त्यांना सुचतच नाही. म्हणून शोध सुरू करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न असा : हा आढावा वाचून तुम्ही काय करणार आहात? उत्तर 'पीएचडीचं प्रकरण लिहायचंय' असं असेल, तर कुठला प्रश्न अजून अनुत्तरित आहे ते दाखवावं लागेल. पाहणीची तयारी असेल, तर आधीच्या अभ्यासकांनी मजुरांना काय विचारलं, घरं कशी निवडली हे महत्त्वाचं. समजा, सर म्हणाले, "मजुरीचा दर वाढवा अशी मागणी आपण करणार आहोत. दर वाढला की कामंच कमी होतील, असं समोरून सांगतात. त्यात तथ्य किती, ते बघायचंय." मग 'रोजगार हमी' या विषयाचा एक प्रश्न होतो : मजुरी वाढल्यावर मजुरांना मिळणाऱ्या कामाचं काय होतं?

या एका वाक्याने बरीच निवड आपोआप होते. पाझर तलावात पाणी किती मुरलं, हा अभ्यास कितीही चांगला असला तरी बाहेर जातो. योजनेमागचं राजकारण सांगणारे निबंध जवळपास सगळे बाहेर जातात. मजुरीचं अर्थशास्त्र आत राहतं. कामाच्या वाटपात स्त्रियांच्या वाट्याला काय आलं हे सांगणारे अभ्यासही राहतात, कारण कामं आटली तर फटका कुणाला बसतो, हे त्यांतूनच समजतं. ज्ञानशाखा आधी निवडून प्रश्न शोधायचा नसतो. प्रश्न ठरला की लागणाऱ्या ज्ञानशाखा त्याच्यामागे येतात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वर्षांचा. 'गेल्या दहा वर्षांतलं घ्या' हे सवयीने ठोकून दिलेलं उत्तर. आपल्या उदाहरणात ते किती महागात पडेल, पाहा. १९७२ च्या दुष्काळात राज्याची ही योजना उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, ही कायद्याने दिलेली हमी. पुढे १९८८ मध्ये किमान वेतन दुप्पट झालं आणि त्याबरोबर योजनेवरची मजुरीही वाढली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी या बदलाचा अभ्यास करून १९९३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की दरवाढीनंतर काम मागणाऱ्या सगळ्यांना ते मिळेनासं झालं. हमी कागदावर तशीच होती, पण प्रत्यक्षात कामांची एक प्रकारे रेशनिंग सुरू झाली.

संचालकांच्या प्रश्नाला इतकं थेट भिडणारं दुसरं उदाहरण मिळणं अवघड. 'गेली दहा वर्षं' ही अट लावली असती, तर नेमकं तेच हातातून गेलं असतं. उलट आढावा १९८७ मध्ये थांबवला असता, तर कमी दरावर भरपूर काम मिळत होतं तेवढाच काळ दिसला असता आणि हमी व्यवस्थित चालते, असा समज झाला असता. म्हणून वर्षांची सीमा विषयातल्या एखाद्या बदलाशी बांधावी. इथे सुरुवात १९७९ पासून, कायदा लागू झाल्यापासून, हे कारण सांगता येतं. दहा वर्षांमागे आकडा गोल आहे, यापलीकडे कारण नाही.

शेवटचं वर्ष ठरवताना वेगळाच पेच येतो. केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला. नाव सारखं असलं तरी मांडणी निराळी. राज्याच्या कायद्यात हक्क एकेका व्यक्तीचा होता आणि दिवसांची मर्यादा नव्हती. केंद्राने दर कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. दोन्हींचे निष्कर्ष एका तक्त्यात ओतले तर तुलना फसते. मध्यममार्ग असा : राज्याची योजना मुख्य भागात, आणि केंद्राच्या योजनेवरचे फक्त मजुरी व काम न मिळणं यांबद्दलचे अभ्यास वेगळ्या भागात.

शोधशब्दांची सीमा बहुतेक जण ठरवतच नाहीत. केंद्राच्या योजनेला महात्मा गांधींचं नाव २००९ मध्ये जोडलं गेलं. नुसतं MGNREGA टाइप करून शोधणाऱ्याला त्याआधीचं जवळपास काहीच मिळणार नाही. त्यासाठी NREGA लागेल, राज्याच्या योजनेसाठी Employment Guarantee Scheme आणि Maharashtra हे शब्द एकत्र लागतील. मराठी मजकुरासाठी 'रोजगार हमी' आणि 'रोहयो' दोन्ही. मराठीतले प्रबंध, शासकीय मूल्यमापन अहवाल आणि संस्थांच्या छापील पाहण्या घ्यायच्या की फक्त नियतकालिकांतले निबंध, हेही आत्ताच ठरवायचं. अहवाल घेतले तर ग्रंथालयात बसून शोधणं आलं आणि महिन्याचे दोन महिने होणार, हे सरांना आधीच सांगितलेलं बरं.

सगळं ठरलं की ते अर्ध्या पानावर लिहून काढावं : प्रश्न, काळ, प्रदेश, भाषा, काय आत, काय बाहेर आणि प्रत्येकाचं कारण. मग त्याच्या दोन चाचण्या घ्याव्यात. विषयातल्या जाणकाराकडून पाच-सहा महत्त्वाचे निबंध विचारून घ्या आणि आपल्या शोधशब्दांनी ते सापडतात का, बघा. १९९३ चा तो निबंध येत नसेल, तर शब्द चुकलेत. दुसरी चाचणी : वीसेक निबंधांचे सारांश दोघांनी स्वतंत्रपणे वाचून आत की बाहेर ते ठरवावं. सात-आठ ठिकाणी मतभेद झाले, तर दोष वाचणाऱ्यांचा नसून नियम ढिला आहे असं समजावं आणि ते अर्धं पान पुन्हा लिहावं.

काम सुरू झाल्यावर सीमा हलणारच नाही, असं नाही. १९९० पासून योजनेतून खाजगी शेतांत फळबागाही लावल्या जाऊ लागल्या, आणि त्यावरची मजुरी मोजायची का, हा प्रश्न मध्येच उभा राहील. नियम जरूर बदला, पण तारीख आणि कारण नोंदवा, आणि नवा नियम आधी वाचलेल्या निबंधांनाही लावा. नाहीतर पहिल्या आठवड्यात एका मापाने आणि तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मापाने निवड झालेली असते आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

शेवटी संचालक विचारणार, "अमुक गोष्टीवर कुणी काहीच लिहिलेलं नाही का?" ज्याच्याकडे ते अर्धं पान आहे, त्याला सांगता येतं की १९७९ नंतरच्या, या दोन भाषांतल्या, या ठिकाणी शोधलेल्या साहित्यात ते आढळलं नाही. त्या पानाशिवाय 'संशोधन झालेलं नाही' म्हणणं म्हणजे 'मला मिळालं नाही' एवढंच, आणि त्या भरवशावर दरवाढीची मागणी घेऊन कुणी मंत्रालयात जाऊ नये.