सहा कार्बन, एक लिथियम

पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, हे बहुतेकांना शाळेत कधीतरी कळलेलं असतं. त्याच ग्रॅफाइटला सोन्याचा रंग चढतो, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. एका बाजूला काचेची खिडकी असलेला छोटा बॅटरीचा सेल घ्यायचा, तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि अगदी सावकाश चार्ज करायचा. काळ्या-करड्या ग्रॅफाइटच्या कणांवर आधी गडद निळी झाक येते. मग कण कडेकडून लाल व्हायला लागतात आणि शेवटी त्या लालावर पिवळाधमक सोनेरी रंग पसरत जातो. सगळा कण सोनेरी झाला की तो भरला. त्यात आता लिथियमचा एकही जादा अणू मावणार नाही.

या सोनेरी रंगाला एक आकडा आहे: 372. एक ग्रॅम ग्रॅफाइट जास्तीत जास्त 372 मिलीअँपिअर-तास इतका विद्युतभार साठवू शकतं. हा आकडा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल आणि आवर्तसारणीतले अणुभार पुरतात. मला यातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं की बॅटरी न बांधता, नुसतं वजन पाहून तिची कमाल मर्यादा सांगता येते.

ग्रॅफाइटचा एक थर डोळ्यांसमोर आणा. षटकोनी फरश्या एकमेकींना चिकटवून बसवलेली जमीन असावी तसा तो दिसतो, फक्त प्रत्येक कोपऱ्यावर एक कार्बनचा अणू. असे थर एकावर एक रचलेले असतात. थरांमधलं बंधन इतकं सैल की कागदावर पेन्सिल ओढली तरी ते सुटून येतात. लिथियम या थरांच्या मधल्या फटीत शिरतं आणि षटकोनाच्या बरोबर मध्यावर बसतं. त्याला जागा करून देताना थरांमधलं अंतर सुमारे 10 टक्क्यांनी वाढतं, पण थर तुटत नाहीत. पाहुणा आला की घरातली माणसं जरा सरकून बसतात, तसंच.

लिथियम प्रत्येक षटकोनावर मात्र बसू शकत नाही. एका षटकोनावर अणू बसला की लगतचे सहाही षटकोन मोकळे सोडावे लागतात, कारण दोन लिथियम इतके जवळ नांदू शकत नाहीत. चौकटीच्या वहीत असे षटकोन काढून पाहा: दाटीवाटीने बसवले तरी तीन षटकोनांमागे एकच जागा भरते. आता कार्बन मोजू. षटकोनाला कोपरे सहा, पण प्रत्येक कोपरा तीन षटकोनांच्या वाटणीचा. म्हणजे एका षटकोनाच्या वाट्याला खरे दोनच कार्बन येतात. तीन षटकोनांना सहा. एका लिथियममागे सहा कार्बन, म्हणून सूत्र LiC₆. सोनेरी रंग या संयुगाचा. लाल रंग LiC₁₂ चा, म्हणजे एक फट भरलेली आणि एक रिकामी अशा अवस्थेचा. लाल दिसलं की बरोबर अर्धं ग्रॅफाइट भरलं, 186.

पुढचं गणित किराणा दुकानात करण्याइतकं सोपं आहे. लिथियमचा एक आयन सेलमधल्या द्रवातून फटीत शिरतो, तेव्हा बाहेरच्या तारेतून बरोबर एक इलेक्ट्रॉन येऊन ग्रॅफाइटमध्ये दाखल होतो. हिशेब कायम एकास एक. त्यामुळे लिथियमच्या जागा मोजल्या की इलेक्ट्रॉन मोजून झाले. एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार 96,485 कूलोंब, हा फॅरडेचा स्थिरांक. एक मिलीअँपिअर तासभर वाहिला तर 0.001 गुणिले 3,600 सेकंद, म्हणजे 3.6 कूलोंब होतात. भागाकार केला की एका मोलमागे सुमारे 26,800 मिलीअँपिअर-तास. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर 150 अँपिअर-तास छापलेले असतील, तर ते जेमतेम साडेपाच मोल इलेक्ट्रॉन झाले.

म्हणून कुठल्याही पदार्थासाठी सूत्र एकच:

Q = 26800 × n ÷ M

यात n म्हणजे सूत्रातल्या एका एककामागे येणारे-जाणारे इलेक्ट्रॉन आणि M म्हणजे त्या एककाचं मोलर वस्तुमान, ग्रॅममध्ये. सहा कार्बनचं वजन 6 × 12.011, म्हणजे 72.07. इलेक्ट्रॉन एक. 26,800 भागिले 72.07 बरोबर 372. झालं.

इथे एक खोच आहे आणि नवखे इथेच अडखळतात. भागाकारात आपण फक्त कार्बनचं वजन धरलं, लिथियमचं नाही. लिथियम धरलं असतं तर वजन 79 आणि उत्तर 339 आलं असतं. दोन्ही आकडे खरे आहेत, पण रिवाज असा की पदार्थ कारखान्यात ज्या रूपात तोलला जातो, त्याच रूपाचं वजन घ्यायचं. ग्रॅफाइट लिथियमशिवाय येतं. उलट धन बाजूचा कोबाल्ट ऑक्साइड लिथियम पोटात घेऊनच येतो, म्हणून तिथे लिथियमसकट वजन धरतात. दोन पदार्थांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांत लिथियम धरलंय की नाही, हे पाहून घ्यावं.

आता हा आकडा प्रत्यक्षात कसा पडताळतात ते पाहू. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप देतात, तो वाळवतात आणि 12 मिलिमीटर व्यासाची चकती कापतात. समजा, तराजूवर ती 20.1 मिलिग्रॅम भरली. पत्रा 10 मायक्रोमीटर जाडीचा असेल, तर तेवढ्या तांब्याचंच वजन 10.1 मिलिग्रॅम होतं. निम्मं वजन पत्र्याचंच! उरले 10 मिलिग्रॅम, त्यात एक दशांश चिकटवणारा पदार्थ वगैरे. खरं ग्रॅफाइट 9 मिलिग्रॅम. त्याची कागदावरची मर्यादा 3.35 मिलीअँपिअर-तास.

समोर लिथियम धातूची चकती ठेवून हा सेल पहिल्यांदा चालवला आणि ग्रॅफाइटमध्ये 3.5 गेले, तर प्रति ग्रॅम 389 होतात. मर्यादेपेक्षा जास्त! पण उलट दिशेने चालवल्यावर 3.2 च परत येतात, म्हणजे 356. हे मधले 0.3 ग्रॅफाइटमध्ये कधी बसलेच नव्हते. पहिल्या फेरीत कणांच्या पृष्ठभागावर द्रवाचं विघटन होऊन एक पातळ साय धरते आणि काही लिथियम तिच्यातच कायमचं अडकतं. ही साय नीट धरली नाही, तर ग्रॅफाइट चालतच नाही. प्रोपिलीन कार्बोनेट या द्रवात त्याचे थर फुटून सुटे होतात. 1990 साली जेफ डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एथिलीन कार्बोनेट वापरलं तर चांगली साय धरते आणि ग्रॅफाइट शाबूत राहतं. पुढच्या फेऱ्यांतही आकडा 372 च्या वरच राहिला, तर शोध लागल्याचा आनंद करण्याआधी पत्र्याचं वजन पुन्हा करावं. तांब्याच्या वजनात 0.3 मिलिग्रॅमची चूक झाली, तरी उत्तर तीन टक्क्यांनी हलतं.

धन बाजूला हेच सूत्र आपल्याला वेगळ्या तऱ्हेने चकवतं. 1980 साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा यांनी सहकाऱ्यांसह LiCoO₂ ची या कामासाठी ओळख करून दिली. त्याचं वजन 97.9, इलेक्ट्रॉन एक, उत्तर 274. कागदावर झकास. पण 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज करणाऱ्या जुन्या सेलमध्ये त्यातून 140 च्या आसपासच मिळायचे. गणित चुकलेलं नाही. सूत्रातला n एक धरला होता, प्रत्यक्षात तो अर्धा निघाला.

कारण असं की इथे लिथियम पाहुणं नसून भिंतीतल्या चुन्यासारखं आहे. ऑक्सिजनच्या ऋणभारित थरांना तेच धरून ठेवतं. ते बाहेर काढू लागलो की थर एकमेकांना ढकलतात आणि आधी अंतर वाढतं. निम्म्याच्या बऱ्याच पुढे गेलं की थर घसरतात, स्फटिक एकदम आक्रसतो आणि कणांना तडे जातात. ऑक्सिजन सुटायला लागतो आणि कोबाल्ट द्रवात विरघळतो. म्हणजे लिथियम निघू शकतं, पण ते काढून घेतल्यावर घर उभं राहत नाही. हल्ली कणांवर लेप देऊन आणि दुसरी मूलद्रव्यं थोडी मिसळून 4.45 व्होल्टपर्यंत जातात आणि 170-180 काढतात. फोनच्या बॅटरीवर तो व्होल्टचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो.

लोह फॉस्फेटची, LiFePO₄ ची, गोष्ट उलटी. फॉस्फरस आणि चार ऑक्सिजन यांचं ओझं असल्यामुळे वजन 157.8, म्हणून मर्यादा 170 च. पण सगळं लिथियम काढलं तरी त्याचा सांगाडा टिकतो, त्यामुळे 150-160 सहज हाती येतात. मला हा पदार्थ त्याच्या प्रामाणिकपणासाठी आवडतो.

आता खिशातला फोन घेऊ. 5,000 मिलीअँपिअर-तास भागिले 26,800 बरोबर 0.187 मोल. लिथियमचा अणुभार 6.94, म्हणजे पूर्ण चार्ज होताना एका बाजूकडून दुसरीकडे जाणारं लिथियम 1.3 ग्रॅम. दिवसभर फोन चालतो तो एवढ्याच्या येण्याजाण्यावर. बाकीचं सगळं वजन त्याला बसायला जागा देण्याचं. ग्रॅफाइट किमान 13.4 ग्रॅम. कोबाल्ट ऑक्साइड 175 च्या हिशेबाने साडेअठ्ठावीस ग्रॅम. त्याशिवाय पत्रे, द्रव, दोन बाजूंमधला पडदा आणि वेष्टन.

मी किमान म्हटलं, कारण बांधणारे ग्रॅफाइट मुद्दाम थोडं जास्त घालतात. जागा संपल्यावरही लिथियम येत राहिलं, किंवा थंडीत घाईने चार्ज करताना त्याला आत शिरायला वेळच मिळाला नाही, तर ते पृष्ठभागावर चंदेरी धातू बनून साचतं. त्यातलं बरंचसं परत येत नाही, आणि त्याचे काटे वाढून पडद्यापलीकडे गेले तर सेल आतल्या आत जोडला जातो. म्हणून फोनच्या स्क्रीनवर 100 टक्के दिसत असतं, तेव्हाही आत अंधारात सगळं ग्रॅफाइट सोनेरी झालेलं नसतं. काही कण लालच ठेवलेले असतात.