लेहला डोकं दुखलं, तर पँगाँग थांबू शकतं

आज लेहच्या डोकेदुखीबद्दल बोलूया. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर, तिथे हा त्रास सहसा होत नाही. पण विमानाने आपण काही तासांत थेट ३५०० मीटरवर उतरतो. मीही डोंबिवलीहून तसाच गेलो, दुपारभर बाजारात हिंडलो आणि रात्री डोकं ठणकायला लागलं, जेवण नकोसं झालं. हा त्रास बहुधा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. म्हणून पहिले दोन दिवस लेहमध्येच आराम करायचा, दारू टाळायची. डायमॉक्स घ्यायची तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून.

दुसऱ्या दिवशीचं पँगाँग मी पुढे ढकललं. तिथून लेहला परतायचं तर आधी ५३०० मीटरहून उंच चांग ला खिंड चढावी लागते. म्हणजे खाली येण्यासाठी आधी वर! त्यामुळे डोकं दुखतंय तोवर निघायचंच नाही.

टाचेला पंजा जोडत सरळ चालता येत नसेल, बोलणं भरकटत असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका. लेहमध्ये असाल तर लगेच हॉस्पिटल गाठा. ट्रेकवर असाल तर रात्रीच खाली उतरवा, सोबत कुणीतरी हवंच.