पायाला सूज आहे, गोळी बंद करू का?

मासिकाच्या आरोग्य सदराकडे येणाऱ्या पत्रांपैकी बरीच पत्रं चार-पाच ओळींचीच असतात. नमुन्यादाखल हे एक पाहा : ‘माझी आई ६४ वर्षांची आहे. सहा महिन्यांपासून बीपीची गोळी चालू आहे. महिनाभर झाला, पायाला सूज येते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. शेजारच्या काकू म्हणतात, ही गोळीचीच सूज आहे, गोळी बंद करा. बंद करू का?’

सदर लिहिणारे डॉक्टर अनुभवी असले, तर वाचता वाचताच त्यांच्या मनात एक नाव येतं : अम्लोडिपिन. भारतात रक्तदाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी हे एक. पायावर सूज येणं हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. हे औषध लहान धमन्या सैल करतं, म्हणून रक्तदाब उतरतो. पण शिरा त्या प्रमाणात सैल होत नाहीत. मग केशवाहिन्यांमधला दाब वाढतो आणि त्यांतलं पाणी भोवतालच्या मांसात झिरपतं. दिवसभर उभं राहिल्यावर, बसल्यावर ते घोट्यापाशी साठतं. म्हणून सूज संध्याकाळी जास्त आणि सकाळी उठल्यावर कमी दिसते. गोळी ५ मिलिग्रॅमची असते तेव्हापेक्षा १० मिलिग्रॅमची असते तेव्हा हा त्रास जास्त जणांना होतो.

म्हणजे शेजारच्या काकूंचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता चांगलीच आहे. तरीही ‘हो, गोळीमुळेच आहे, घाबरू नका’ एवढंच उत्तर डॉक्टरांनी छापलं, तर त्यांनी मर्यादा ओलांडली.

उत्तर देणाऱ्याची मर्यादा म्हटली की लोकांना औषध लिहून देणं आठवतं. न तपासता गोळी सुचवू नये, हे सगळ्यांनाच पटतं. ‘काही नाही, होतं असं’ हे वाक्य मात्र निरुपद्रवी वाटतं, दिलाशाचं वाटतं. खरं पाहता तेही निदानच आहे. त्यात हृदय ठीक आहे, मूत्रपिंडं ठीक आहेत, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी नाही, असे तीन निष्कर्ष न तपासता काढलेले असतात. औषध सुचवताना लिहिणाऱ्याचा हात निदान थबकतो तरी. दिलासा देताना तो थबकत नाही, म्हणून जास्त जपायला हवं ते तिथे.

पत्रातले शब्द पुन्हा वाचले की काय काय कळलेलं नाही ते दिसतं. ‘पायाला सूज येते.’ मराठीत हे एका पायाबद्दलही म्हणतात आणि दोन्ही पायांबद्दलही. या ठिकाणी तो फरक फार मोठा आहे. गोळीची सूज बहुधा दोन्ही पायांना येते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर शिरेतल्या गुठळीची शंका घ्यावी लागते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

मग दमाचा प्रश्न. आईला जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागते का? रात्री सपाट झोपवत नाही म्हणून दोन उशा लागतात का? तसं असेल तर हृदयाकडे बघायला हवं. लघवी कमी झाली, तिला फेस येतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, तर मूत्रपिंडांकडे. हे प्रश्न समोर बसलेल्या रुग्णाला एका मिनिटात विचारता येतात. शिवाय डॉक्टर नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरतात आणि काढल्यावर खड्डा राहतो का ते पाहतात. पत्राला अंगठा लावून काही कळत नाही.

आता मूळ प्रश्न : गोळी बंद करू का? इथे अडचण अशी, की पत्रात गोळीचं नावच नाही. घराघरांत तिला ‘बीपीची गोळी’ एवढंच म्हणतात, फार तर ‘ती छोटी पांढरी’. पण आपल्याकडे अम्लोडिपिन एकटंही मिळतं आणि दुसऱ्या औषधाबरोबर एकाच गोळीतही मिळतं. कधी जोडीला टेल्मिसार्टन असतं, कधी ॲटेनोलॉल. नुसतं अम्लोडिपिन थांबवलं तर त्याचा परिणाम काही दिवसांत हळूहळू ओसरतो आणि रक्तदाब गुपचूप वर जातो. माणसाला काही जाणवत नाही. ॲटेनोलॉलचं तसं नाही. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांनी ते एकदम बंद केलं तर छातीत दुखणं उसळू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. एकाच पाकिटातल्या एकाच गोळीबद्दल ‘दोन दिवस बंद करून बघा’ असं लिहिणारा कोणत्या औषधाबद्दल लिहितो आहे, हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

तिसरा मार्ग लघवी वाढवणाऱ्या गोळीचा. सूज आहे, पाणी काढून टाकू, हा विचार सहज सुचतो. पण गोळीची सूज शरीरात पाणी जास्त झाल्याने येत नाही, ते पाणी चुकीच्या ठिकाणी झिरपल्याने येते. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी उतरत नाही. उलट वयस्क माणसाचं सोडियम, पोटॅशियम खाली येऊन चक्कर, अशक्तपणा मागे लागतो. मग चक्करेवर आणखी एक गोळी. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देण्याची ही साखळी डॉक्टरांच्या चांगली ओळखीची आहे, आणि दुरून दिलेल्या सल्ल्यात ती फार लवकर सुरू होते.

मग लिहायचं काय? नुसतं ‘आपल्या डॉक्टरांना भेटा’? तेवढं लिहून हात झटकणं हीसुद्धा चूकच. मुलीने पत्र लिहिलं ते डॉक्टर असतात हे तिला माहीत नव्हतं म्हणून नव्हे. आज जावं की पुढच्या महिन्यात, जाऊन काय सांगावं आणि तोवर गोळी द्यावी की नाही, हे तिला कळत नव्हतं. या तिन्ही गोष्टी न तपासताही बऱ्याच अंशी सांगता येतात.

भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. ती डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या फोनवरच्या, व्हिडिओवरच्या सल्ल्यासाठी आहेत. मासिकातलं सदर त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं. पण त्यांनी केलेली विभागणी इथे उपयोगी पडते. आरोग्यशिक्षण वेगळं, एका रुग्णाला दिलेला पथ्यपाण्याचा, काळजीचा सल्ला वेगळा आणि औषध लिहून देणं वेगळं. औषधासाठी योग्य निदान किंवा निदानाचा पक्का अंदाज हवाच, आणि डॉक्टर-रुग्ण दोघांनाही एकमेकांची ओळख माहीत हवी. निनावी सल्ला चालत नाही. छापील सदराची जागा त्यामुळे आपोआप ठरते : पहिल्या प्रकारात मनमोकळं लिहावं, दुसऱ्यात जपून, तिसऱ्यात शिरू नये.

पहिल्या प्रकारातल्या उत्तराची ताकद काय असते, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते, डॉक्टर नव्हते. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं आणि लैंगिक बाबींवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. १९३४ मध्ये अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. जे सगळ्यांच्या शरीराला लागू आहे ते ज्ञान स्पष्ट शब्दांत सांगणं म्हणजे कुणावर उपचार करणं नव्हे. उत्तर देणाऱ्याने तिथे भिऊन गप्प बसू नये.

त्या मुलीला द्यायचं उत्तर साधारण असं होईल :

‘रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः अम्लोडिपिनने, पायांवर सूज येऊ शकते. पण सुजेची इतरही कारणं असतात आणि आईंना तपासल्याशिवाय कारण ठरवता येणार नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना या आठवड्यात दाखवा. सूज गोळीचीच ठरली, तर ते मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. सूज एकाच पायाला असेल, पाय दुखत असेल, किंवा नव्याने दम लागत असेल, तर थांबू नका, आजच दाखवा. छातीत दुखलं किंवा अचानक जोराची धाप लागली, तर १०८ ला फोन करा. जाताना आई घेतात त्या सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या. तोपर्यंत बसताना पाय उंचावर ठेवायला हरकत नाही.’

या उत्तरात ‘तुमच्या आईला अमुक झालं आहे’ असं वाक्य कुठेच नाही. जे सर्वांना लागू ते ठामपणे सांगितलं आहे. जे फक्त या आईला लागू, ते तपासणाऱ्यावर सोडलं आहे. मधला दुवा आहे तो ‘असेल तर’ या शब्दांचा. एकाच पायाला असेल तर, दम लागत असेल तर. डॉक्टर विचारू शकले नाहीत ते प्रश्न त्यांनी वाचणाऱ्याच्या हाती दिले आहेत. हे उत्तर ती मुलगी एकटीच वाचत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. दुसऱ्या गावात कुणाच्या तरी आईचा एकच पाय सुजलेला असतो आणि त्या घरातही हे पान उघडलेलं असतं. पत्राच्या उत्तरात फक्त दोन्ही पायांबद्दल लिहिलं, तर त्या घराला भलताच दिलासा मिळेल.

वेळेचा प्रश्न राहतो. पत्र येऊन अंक हाती पडेपर्यंत महिना सहज जातो. म्हणून आलेली पत्रं त्याच दिवशी चाळून धोक्याची खूण असलेली बाजूला काढावी लागतात. पत्रात दम लागणं, छातीत दुखणं, एका बाजूची शक्ती जाणं, शौचात रक्त असं काही लिहिलेलं असेल, तर ते पत्र सदरासाठी ठेवायचं नसतं. फोन नंबर असेल तर फोन करून ‘आजच दवाखान्यात जा’ एवढंच सांगायचं असतं.

पाकिटं सोबत न्या, ही ओळ उत्तरात वाचायला किरकोळ वाटते. पण अशा पिशवीतून पुष्कळदा एक जास्तीचं पाकीट निघतं : गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी. पत्रात तिचा उल्लेख नसतो, कारण घरच्यांच्या लेखी ते औषध नसतं, ‘दुखण्याची गोळी’ असते. ती शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते. त्याने पायावर सूज येते आणि रक्तदाबही वाढतो. वाढलेला रक्तदाब पाहून बीपीच्या गोळीची मात्रा वाढवली जाते, आणि त्या वाढलेल्या मात्रेने सूज आणखी वाढते. दवाखान्यातल्या टेबलावर ती पिशवी उपडी केल्यावरच हे सगळं एका ओळीत दिसतं.