कागद सापडेल असाच ठेवावा

कामाची फाइल, टिपण किंवा संदर्भ शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती सहसा तीनच खुणा असतात: काम कोणते, कागद कसला आणि तो साधारण कधीचा. ठेवताना याच तीन खुणा कागदावर नोंदवल्या असतील, तर तो मिनिटभरात सापडतो. व्यक्तिगत ज्ञानव्यवस्थेचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवणाऱ्या वकिलाचे कार्यालय हे त्याचे चांगले उदाहरण आहे. तिथे एकेक दावा वर्षानुवर्षे चालतो आणि विचारलेला कागद सुनावणीतच समोर ठेवावा लागतो.

पहिला निर्णय फोल्डरचा. बरेच जण ‘पीडीएफ’, ‘फोटो’, ‘वर्ड’ असे प्रकारानुसार फोल्डर करतात. त्यामुळे एका दाव्याचे कागद तीन ठिकाणी विखुरतात आणि शोधणाऱ्याला आधी फाइलचा प्रकार आठवावा लागतो. फोल्डर कामानुसार करावेत, म्हणजे एका दाव्याला एक. जमीनवाटपाच्या दाव्याचे फोल्डर असे असेल:

```
2022-RCS-0145_वाटप
   1_वादपत्र-कैफियत
   2_दस्तऐवज
   3_साक्षीपुरावा
   4_रोजनामा-आदेश
```

इथे वर्ष आधी आहे आणि क्रमांक चार आकडी केला आहे. त्यामुळे कोणत्याही संगणकावर दावे ओळीने लागतात. न्यायालयात दावा क्रमांक ‘145/2022’ असा लिहितात, पण तिरकी रेघ विंडोजमध्ये फाइलच्या नावात चालत नाही, म्हणून जोडरेघ वापरली आहे. पोटफोल्डर सगळ्या दाव्यांत सारखेच असावेत आणि त्यांच्या आत आणखी पातळ्या करू नयेत. फोल्डरात फोल्डर वाढत गेले की ठेवणाराच गोंधळतो.

दुसरा निर्णय नावाचा. मोबाइल आणि स्कॅनर स्वतःहून जी नावे देतात, त्यांतून कागदाचा काहीच बोध होत नाही. नावात तारीख, निशाणी क्रमांक आणि कागदाचे वर्णन या क्रमाने असावे:

```
2023-06-12_नि-32_सातबारा-गट-118.pdf
2023-08-04_उलटतपासणी-वादी.pdf
```

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमानेही लागते. तारीख कोणती घ्यायची हेही एकदा ठरवावे लागते. कागदावर छापलेली तारीख घ्यावी, स्कॅन केल्याची नव्हे. फेरफार झाला की सातबारा बदलतो, त्यामुळे हातातला उतारा कोणत्या दिवसाचा आहे याला दाव्यात महत्त्व असते. कागद दाखल करताना निशाणी क्रमांक मिळालेला नसतो. तो मिळाला की त्याच दिवशी नावात घालावा. मसुद्यांना ‘अंतिम’, ‘नवीन अंतिम’ अशी नावे देऊ नयेत. ‘म1’, ‘म2’ असे क्रमांक द्यावेत आणि सही होऊन दाखल झालेल्या प्रतीच्या नावातच ‘दाखल’ लिहावे.

शोधयंत्र आहे तर नावाचा एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न पडेल. मराठी कागदांच्या बाबतीत शोधयंत्र अनेकदा हात टेकते आणि त्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात. त्यात ‘वाटप’ शोधले तर काहीच मिळत नाही. चार ओळी नोटपॅडमध्ये चिकटवून पाहाव्यात. अर्थहीन रोमन अक्षरे दिसली, तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. दुसरे कारण स्कॅन. स्कॅन केलेले पान म्हणजे फक्त चित्र असते. माउसने शब्द निवडता येत नसेल, तर त्यात शोधही लागत नाही. अक्षरओळख करणारी साधने छापील मराठी बऱ्यापैकी वाचतात. जोडाक्षरांत मात्र चुका राहतात आणि तलाठ्याच्या हस्ताक्षरातला जुना फेरफार तर त्यांना सहसा वाचताच येत नाही. तिसरे कारण आकडे. अनेक शोधसाधनांना ‘२०२३’ आणि ‘2023’ हे एकच आकडे आहेत हे कळत नाही. म्हणून नावांत एकच लिपी आकड्यांसाठी ठरवावी. ‘सातबारा’ आणि ‘7-12’ यांपैकीही एकच रूप कायम ठेवावे. अशा ठरवलेल्या शब्दांची एक पानाची यादी कार्यालयात सर्वांसमोर असावी.

फाइली दाव्यानुसार ठेवता येतात. कायद्याचे मुद्दे मात्र अनेक दाव्यांत पुन्हापुन्हा येतात, म्हणून त्यांची टिपणे वेगळ्या फोल्डरात ठेवावीत आणि एका टिपणात एकच मुद्दा असावा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली सुरू झालेल्या संस्कृत शब्दकोशाच्या प्रकल्पात सुमारे एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. तिथे प्रत्येक चिठ्ठीवर शब्दाबरोबर तो कोणत्या ग्रंथात आला याची नोंद असते, म्हणून दुसरा अभ्यासकही ती वापरू शकतो. वकिलाच्या टिपणालाही हीच शिस्त लागते. वाटपाच्या दाव्यासाठी एक टिपण असे होईल:

```
मुद्दा : मुलीचा सहहिस्सा, वडील 9-9-2005 पूर्वी वारलेले
निवाडा : विनीता शर्मा वि. राकेश शर्मा, (2020) 9 SCC 1
सार : हक्क जन्मानेच; त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही
स्थिती : प्रकाश वि. फुलवती (2016) 2 SCC 36 रद्दबातल
वापर : 2022-RCS-0145
```

शीर्षकात निवाड्याचे नाव नसून मुद्दा आहे, कारण सुनावणीच्या तयारीत आधी मुद्दा आठवतो. ‘सार’ स्वतःच्या शब्दांत असावे आणि त्याच्यापुढे निवाड्यातील परिच्छेद क्रमांक लिहावा. मूळ निवाडा पुन्हा चाळण्याची वेळ त्यामुळे येत नाही. ‘स्थिती’ची ओळ सर्वांत मोलाची. ती नसेल, तर फुलवतीचे जुने टिपण पाहून २०२० नंतरही चुकीचा युक्तिवाद होऊ शकतो. ‘वापर’च्या ओळीमुळे टिपणातून दाव्याकडे जाता येते आणि तिथे केलेला लेखी युक्तिवाद पुन्हा हाताशी येतो.

रोजच्या धांदलीत प्रत्येक कागद लगेच जागेवर जात नाही. त्यासाठी ‘आलेले’ नावाचे एकच फोल्डर ठेवावे. व्हॉट्सॲपवरचे फोटो, ईमेलची जोडपत्रे, स्कॅन असे सगळे आधी तिथे टाकावे आणि आठवड्यातून एकदा नाव देऊन ते जागी लावावे. हे फोल्डर महिनाभर रिकामे झाले नाही, तर नियम जास्त किचकट झाले आहेत असे समजून ते कमी करावेत.

जुने सगळे कागद नव्या पद्धतीने लावण्याच्या फंदात मात्र पडू नये. चालू दावे आधी लावावेत. जुना दावा पुन्हा उघडेल तेव्हा त्याचे फोल्डर नीट करावे. पक्षकारांचे कागद गोपनीय असल्याने संगणकाला पासवर्ड हवाच. एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवावी. दोन उपकरणांवर आपोआप जुळणारे फोल्डर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे, कारण एकीकडे चुकून पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते.

व्यवस्था नीट चालते का, हे पाहण्याची साधी चाचणी आहे. वर्षापूर्वीचे पाच कागद निवडावेत आणि ते लावण्यात ज्याचा हात नव्हता अशा सहकाऱ्याला शोधायला सांगावेत. एखादा कागद मिनिटभरात मिळाला नाही, तर त्याने आधी कुठे पाहिले आणि कोणता शब्द टाकला ते विचारावे, आणि पुढच्या कागदांना तीच जागा व तोच शब्द द्यावा.