द्राक्षावरची साय

फेब्रुवारीतल्या काळ्या द्राक्षाचा एक मणी घ्या आणि त्यावर पाण्याचा एकच थेंब सोडा. थेंब पसरत नाही. मोत्यासारखा गोल होतो आणि मणी जरा कलला की घरंगळून खाली जातो. आता तोच मणी अंगठ्याने हलकेच पुसा. वरची धूसर, राखाडी साय निघून जाते आणि खाली काळीभोर चकाकी दिसते. त्या पुसलेल्या जागी पुन्हा थेंब सोडला तर तो मघासारखा घरंगळत नाही, सालीला थोडा चिकटून बसतो. आमच्या ओट्यावर हा प्रकार मी कितीदा करून पाहिला आहे, आणि दर वेळी नव्याने थक्क होते.

ही साय म्हणजे फवाऱ्याचं औषध, अशी माझी लहानपणापासूनची समजूत होती. बहुतेक घरांत तीच असते, म्हणून तर ती दिसली की मीठ, व्हिनेगर, हळद, जे हाताशी असेल ते पातेल्यात पडतं. पण ही साय वेलीनेच तयार केलेली असते. ते मेण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकमेकांवर रचलेल्या बारीक पापुद्र्यांसारखं दिसतं. फळातलं पाणी बाहेर जाऊ नये आणि बाहेरचं आत शिरू नये, म्हणून वेलीने प्रत्येक मण्याला घातलेला हा रेनकोट.

तो किती पक्का असतो हे तासगावच्या बेदाणेवाल्यांना विचारावं. नुसता घड शेडमध्ये टांगला तर तो लवकर वाळत नाही, मेण पाण्याला बाहेर पडू देत नाही. म्हणून एक लिटर पाण्यात साधारण 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिलिलिटर डिपिंग ऑइल कालवून त्यात घड काही मिनिटं बुडवतात. त्याने मेणाची घट्ट वीण सैल होते, पाण्याला वाट मिळते, आणि मग दोनेक आठवड्यांत बेदाणा तयार होतो. साध्या पाण्याला हे मेण दाद देत नाही, त्याला अल्कधर्मी पाणी आणि तेल दोन्ही लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

फवाऱ्याचं औषध या मेणाशी तीन तऱ्हांनी नातं जोडतं. काही मेणावर धुळीसारखं बसतं. काही स्वभावाने तेलकट असतं, ते मेणातच विरघळून राहतं. आणि काही आंतरप्रवाही असतं, म्हणजे पान, देठ, साल ओलांडून थेट वनस्पतीच्या रसात जातं. आपण भाजी कशात भिजवतो यापेक्षा औषध या तिघांपैकी कुठे आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं.

मला वाटायचं, पाण्यात सहज विरघळणारं औषध धुतल्यावर जाईल आणि न विरघळणारं राहील. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कृषी प्रयोग केंद्राने फळं-भाज्या नळाखाली धुऊन पाहिल्या आणि 2000 साली निष्कर्ष छापले, ते वाचल्यावर ही समजूत गेली. तपासलेल्या 12 औषधांपैकी 9 नळाच्या साध्या पाण्याने कमी झाली. पण कोणतं जाईल आणि कोणतं राहील, याचा पाण्यात विरघळण्याशी फारसा संबंध सापडला नाही. म्हणजे पाणी तिथे औषध विरघळवत नव्हतं, खरवडून नेत होतं. वाहत्या पाण्याची धार आणि चोळणारा हात, काम या दोघांचं. क्लोरपायरिफॉस आणि बायफेन्थ्रिन यांसारखी मेणाला धरून बसणारी औषधं मात्र जागची हलली नाहीत. भाजी धुण्यासाठी विकत मिळणारी द्रावणंही त्यांनी तपासली. ती साध्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत.

या समजुतीची दुसरी बाजू आपल्याकडे 2010 साली दिसली, आणि ती फार महाग पडली. त्या वर्षी युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वाढरोधक सापडलं आणि माल नाकारला गेला. तिकडची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. क्लोरमेक्वाट पाण्यात अगदी साखरेसारखं विरघळतं. तरी जगातल्या कुठल्याही पाण्याने ती द्राक्षं धुऊन साफ झाली नसती, कारण फुटीची वाढ रोखायला वेलीवर मारलेलं ते द्रव्य वेलीच्या रसातून मण्याच्या गरात पोचलं होतं.

आता व्हिनेगरकडे येऊ. निफाडजवळ माझ्या मामांची बाग आहे. एकदा पहाटे फवाऱ्याची तयारी चालली होती. टाकीत बोअरचं पाणी भरलं, मामांनी त्यात कागदाची एक पिवळी पट्टी बुडवली, रंग डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "आठ दाखवतोय." मग पिशवीतून पांढरे खडे काढून पाण्यात टाकले, ढवळले, पुन्हा पट्टी बुडवली. आता सहा.

"हे काय टाकलंत, मामा?"

"सायट्रिक अ‍ॅसिड. लिंबाचं सत्त्व म्हण. सामू खाली आणल्याशिवाय औषध टाकायचं नाही. खाऱ्या पाण्यात ते टाकीतच मरतं, मग वेलीवर काय मारू, पाणी?"

मी तिथेच उभी राहिले. औषध टिकावं म्हणून मामा पाण्यात आम्ल घालत होते, आणि घरी ते औषध जावं म्हणून मीही पाण्यात आम्लच घालत होते!

मामांचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. फॉस्मेट या कीटकनाशकाचं उदाहरण घ्या. सामू 4.5 असलेल्या आम्ल पाण्यात त्याचा अर्धा भाग मोडायला सुमारे 13 दिवस लागतात. सामू 8.3 असला, म्हणजे पाणी अल्कधर्मी असलं, तर तेवढ्याला चार तासही लागत नाहीत. सगळीच औषधं इतकी हळवी नसतात, पण फॉस्मेटच्या कुळातल्या बऱ्याच औषधांचा कल हाच. त्यांना मोडायचं तर व्हिनेगर उलट्या दिशेने चालतं.

मग व्हिनेगरने फरक पडतो असं सांगणारे प्रयोग खोटे का? नाहीत. कोबीवर केलेल्या एका प्रयोगात 10 टक्के अ‍ॅसेटिक आम्लात 20 मिनिटं ठेवल्यावर चार औषधांचे दोन तृतीयांश ते चार पंचमांश अवशेष गेले. 10 टक्के मिठाच्या पाण्यातही जवळपास तसंच झालं. साध्या पाण्यात नुसतं ठेवून पाचवा हिस्साही जेमतेम गेला. पण ते 10 टक्के नीट समजून घ्यायला हवेत. बाजारातल्या व्हिनेगरच्या बाटलीत आम्ल असतं साधारण 4 टक्के. म्हणजे अख्खी बाटली पाणी न घालता ओतली तरी प्रयोगातल्या द्रावणाच्या निम्म्यालाही आपण पोचत नाही, आणि आपण तर पातेलंभर पाण्यात दोन चमचे टाकतो. मिठाचंही तेच. 10 टक्के म्हणजे लिटरला 100 ग्रॅम. समुद्रात लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. समुद्राच्या जवळजवळ तिप्पट खारट पाण्यात ठेवलेला कोबी किती धुवायचा आणि कशात घालायचा? चिमूटभर मिठाचं पाणी अवशेषांच्या बाबतीत साध्या पाण्याहून फारसं वेगळं नाही.

त्या चिमटीची सवय मात्र वाया गेलेली नाही. फ्लॉवरचे तुरे मिठाच्या पाण्यात ठेवले की आत दडलेल्या हिरव्या अळ्या बाहेर येऊन तरंगतात. आपल्या आज्या मीठ घालत ते यासाठी, आणि ते काम मीठ आजही चोख करतं. व्हिनेगरचंही एक खरं काम आहे. मोरचूद आणि चुना यांच्या बोर्डो मिश्रणाचे निळसर पांढरे डाग फळावर राहिले असतील तर ते पाण्यात विरघळत नाहीत, आम्लात विरघळतात.

उरला खाण्याचा सोडा, आणि इथे एक नेमका प्रयोग हाताशी आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली गाला जातीच्या सफरचंदांवर दोन औषधं लावली. एक फॉस्मेट, दुसरं थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक. 24 तास ती तशीच मुरू दिली आणि मग काही फळं साध्या पाण्यात, काही ब्लीचच्या पाण्यात, काही सोड्याच्या पाण्यात धुतली. सोडा होता लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे. सोड्याचं पाणी सर्वांत सरस ठरलं. 12 मिनिटांत थायाबेंडाझोलचे 80 टक्के, 15 मिनिटांत फॉस्मेटचे 96 टक्के अवशेष सालीवरून गेले. अल्कधर्मी पाण्याने ती नुसती सुटली नव्हती, मोडतही होती.

पण मला सगळ्यांत जास्त गुंतवून ठेवतं ते त्यांनी पुढे केलेलं मोजमाप. उरलेलं औषध गेलं कुठे, हे त्यांनी सालीच्या आत डोकावून पाहिलं. फॉस्मेट 20 मायक्रोमीटर खोल गेलं होतं, आंतरप्रवाही थायाबेंडाझोल 80 मायक्रोमीटर, म्हणजे साधारण आपल्या केसाच्या जाडीइतकं. एका दिवसात, झाडावरून तोडलेल्या फळात! तिथवर सोडा पोचत नाही. साल सोलली तर तेवढा भाग जातो, पण द्राक्ष कोण सोलतं? आणि ही टक्केवारी दोन औषधांची, एका फळावरची आहे, ती जशीच्या तशी मेथीच्या जुडीला लावता येणार नाही.

बरेच जण सोडा आणि व्हिनेगर दोन्ही एकत्र घालतात. बुडबुडे येतात, काहीतरी जोरात साफ होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्क एकमेकांना संपवतात, वायू उडून जातो आणि मागे सोडियम अ‍ॅसिटेट या क्षाराचं पाणी उरतं. साबण आणि ब्लीच तर घरी भाजीला लावूच नयेत, ते धुऊन काढायला आणखी धुवावं लागतं.

मी आता घड कात्रीने लहान झुबक्यांत कापते, म्हणजे मधल्या मण्यांपर्यंत पाणी जातं. सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवते, मग ते पाणी टाकून वाहत्या नळाखाली निदान अर्धं मिनिट बोटांनी चोळते. सुटलेलं औषध त्या पाण्यातच असतं, म्हणून ही शेवटची धार चुकवत नाही. खायच्या वेळीच धुते, कारण साय गेलेला मणी लवकर मऊ पडतो. पालेभाजीची पानं सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढते.

आणि जे गरात आहे, त्याचं काय? त्याचं उत्तर मामांच्या फवारणीच्या वहीत आहे. प्रत्येक औषधापुढे त्यांनी काढणीपूर्व काळ लिहिला आहे, म्हणजे शेवटच्या फवाऱ्यानंतर किती दिवस घड वेलीवरच राहू द्यायचा. त्या दिवसांत ऊन आणि वेल स्वतः मिळून औषध मोडत राहतात, सालीच्या बाहेरचं आणि आतलंही. मी गेले तेव्हा खालच्या प्लॉटातला माल गोड झाला होता, व्यापारी दोनदा येऊन गेला होता. वहीतल्या तारखेला अजून नऊ दिवस होते. मामांनी एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला, म्हणाले, "बघ, पण खाऊ नकोस," आणि बागेचं फाटक ओढून घेतलं.